1/x ची लिमिट सिद्ध करताना डेल्टामध्ये x शिरतो, त्यावरचा इलाज

एफ.वाय.बी.एस्सी.च्या चाचणीचे गठ्ठे तपासायला घेतले की एक ओळ मला हमखास भेटते. प्रश्न साधाच असतो: a शून्य नसेल तर x हा a कडे जाताना 1/x ची लिमिट 1/a असते, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येवरून सिद्ध करा. उत्तराची सुरुवात झकास होते आणि तिसऱ्या ओळीला घोळ होतो.

```
|1/x − 1/a| = |x − a| / (|x||a|) < ε हवं
म्हणजे |x − a| < ε|a||x| हवं
म्हणून δ = ε|a||x| घेऊ
```

मी लाल पेनाने शेवटच्या x भोवती गोल काढतो आणि शेजारी लिहितो, "हा x कुठून आला?" पेपर हातात पडले की मुलं तोच गोल दाखवत येतात. "सर, पण गणित तर बरोबर आहे ना?" गणित बरोबरच आहे. छेद एक केला, केवल मूल्य घेतलं, |x||a| पलीकडे नेला, यात काही चुकलेलं नाही. म्हणून तर ही चूक स्वतःची स्वतःला सापडत नाही. पुन्हा पुन्हा आकडेमोड तपासली तरी ती बरोबरच निघते, आणि पुढच्या चाचणीत तीच ओळ पुन्हा उमटते.

नेमकं काय बिघडलं

व्याख्येतला क्रम आठवा. समोरचा माणूस आधी एप्सिलॉन देतो. मग तुम्ही डेल्टा सांगायचा. त्यानंतर समोरचा a च्या आजूबाजूला, तुमच्या डेल्टाच्या आत, त्याला हवा तो x उचलतो, आणि 1/x व 1/a मधलं अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी आहे हे तुम्ही दाखवायचं. तुम्ही डेल्टा सांगता तेव्हा x अजून निवडलेलाच नसतो. तेव्हा हाताशी दोनच गोष्टी असतात, प्रश्नात दिलेला a आणि समोरच्याने दिलेला ε. या दोघांतून डेल्टा तयार व्हायला हवा.

"पण नियम मोडला म्हणजे असं काय मोठं झालं?" असं वाटत असेल तर δ = ε|a||x| ही किंमत परत गृहीतकात घालून बघा. |x − a| < δ या गृहीतकाचा अर्थ आता |x − a| < ε|a||x| असा होतो. म्हणजेच |1/x − 1/a| < ε. जे सिद्ध करायचं होतं तेच आपण गृहीत धरून बसलो. अशा पद्धतीने कुठल्याही फलनाची कुठलीही लिमिट "सिद्ध" करता येईल, चुकीचीसुद्धा.

तेव्हा पहिली तपासणी सोपी आहे. "δ = ..." ही ओळ सोडून बाकीचं सगळं पान हाताने झाका. फक्त a आणि ε माहीत असताना त्या ओळीतून एक धन संख्या निघते का? निघत नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

"मग x च्या जागी a च टाकतो"

गोल काढलेला पेपर परत मिळाल्यावर हुशार मुलं हमखास हा उपाय शोधून काढतात. x तर a च्या जवळच आहे, मग ε|a||x| ऐवजी εa² लिहू. आता डेल्टामध्ये x नाही, झाकण्याची परीक्षाही पास. पण सिद्धता अजून चुकलेलीच आहे, आणि किती थोडक्यात चुकते ते बघण्यासारखं आहे.

a = 0.2 आणि ε = 0.1 घ्या. मग εa² = 0.004. आता समोरचा x = 0.19605 उचलतो. a पासूनचं अंतर 0.00395, म्हणजे डेल्टाच्या आतच. कॅल्क्युलेटरवर 1/x काढा: 5.1007 येतं. 1/a आहे 5. अंतर 0.1007, म्हणजे एप्सिलॉनच्या किंचित बाहेर. केसाएवढं चुकलं, पण चुकलं. एप्सिलॉन कितीही लहान घेतला तरी हे असंच होतं, कारण x जर a पेक्षा शून्याच्या बाजूला सरकला तर |x| हा |a| पेक्षा लहान होतो, आणि मग |x − a| / (|x||a|) हे |x − a| / a² पेक्षा मोठं होतं. नुकसान नेहमी शून्याच्या बाजूकडूनच होतं. सगळ्या इलाजाचं मूळ या एका वाक्यात आहे.

छेदाला शून्यापासून लांब बांधायचं

संख्यारेषेवर 0 मांडा, उजवीकडे a मांडा. a च्या दोन्ही बाजूंना डेल्टा अंतरापर्यंत जाणारी खिडकी काढा. खिडकीची डावी कड शून्यापर्यंत पोचली की समोरच्याला शून्याच्या हवं तितकं जवळचं x उचलता येतं, आणि मग 1/x आभाळाला भिडतं. म्हणून एप्सिलॉनचा विचार करण्याच्याही आधी एक अट घालायची: खिडकी शून्यापर्यंत पोचता कामा नये, आणि नुसतं "पोचू नये" इतकंही पुरत नाही, तिने शून्यापासून ठरावीक अंतर राखलं पाहिजे.

a पासून शून्यापर्यंतचं अंतर |a|. त्याचं निम्मं |a|/2. डेल्टा याहून मोठा घ्यायचाच नाही असं ठरवलं की खिडकीची शून्याकडची कड जास्तीत जास्त |a|/2 पर्यंत येते आणि उरलेलं निम्मं अंतर राखीव राहतं. हे चित्रातून दिसतं, पण उत्तरपत्रिकेत त्रिकोण असमानतेने लिहायचं:

```
|a| = |a − x + x| ≤ |a − x| + |x|
म्हणून |x| ≥ |a| − |x − a| > |a| − |a|/2 = |a|/2
```

इथे आणखी एक ठेच लागते. |x − a| < |a|/2 वरून दोन गोष्टी निघतात. एक, |x| > |a|/2. दुसरी, |x| < 3|a|/2. बरीच मुलं दुसरी उचलतात, कारण x² च्या सिद्धतेत |x + a| ला वरून बांधायची सवय झालेली असते. पण इथे |x| छेदात आहे. |x| < 3|a|/2 वरून 1/|x| > 2/(3|a|) मिळतं, म्हणजे 1/|x| किमान किती ते कळतं. आपल्याला तर ते कमाल किती हे हवंय. छेदातल्या गोष्टीला खालून बांधलं की अपूर्णांक वरून बांधला जातो. आपल्या उत्तरात 3/2 हा आकडा दिसला तर बहुधा चुकीची बाजू उचलली आहे, असं समजायला हरकत नाही.

|x| > |a|/2 वरून 1/|x| < 2/|a|. आता मूळ राशीत हे घाला:

```
|1/x − 1/a| = |x − a| / (|x||a|) < (2/a²)·|x − a|
```

x मधला त्रासदायक भाग गेला. उजवीकडे 2/a² ही ठरलेली संख्या आणि |x − a|, एवढंच उरलं. ते ε पेक्षा कमी व्हावं म्हणून |x − a| < εa²/2 पुरेसं आहे.

उत्तरपत्रिकेत लिहायचं ते

वरचं सगळं रफ काम. पक्क्या उत्तरात क्रम उलटा, डेल्टा सगळ्यात आधी:

```
ε > 0 दिलेला आहे. δ = min(|a|/2, εa²/2) घेऊ.
a ≠ 0, म्हणून δ > 0.
समजा 0 < |x − a| < δ.
δ ≤ |a|/2, म्हणून |x| > |a|/2; विशेषतः x ≠ 0.
δ ≤ εa²/2, म्हणून
|1/x − 1/a| = |x − a|/(|x||a|) < (2/a²)·|x − a| < (2/a²)·(εa²/2) = ε.
```

सहा-सात ओळी. यात "विशेषतः x ≠ 0" हे चार शब्द गाळू नका. 1/x ला अर्थ आहे का, हा प्रश्न परीक्षकाने विचारायच्या आधीच त्याचं उत्तर तिथे असतं. आणि |a|/2 ची अट कुठे वापरली, εa²/2 ची कुठे, हे वेगवेगळ्या ओळींत दिसलं पाहिजे. दोन्ही अटी एका श्वासात "δ च्या निवडीमुळे" म्हणून उरकल्या की वाचणाऱ्याला शंका येते, आणि ती बरेचदा खरी ठरते.

निम्मंच का?

हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो आणि यावा. निम्म्यात काही पवित्र नाही. एक तृतीयांश घ्या: |x| > 2|a|/3 मिळेल, बांध 3/(2a²) होईल आणि δ = min(|a|/3, 2εa²/3) चालेल. नऊ दशांश घेतलं तर |x| > |a|/10, बांध 10/a², आणि डेल्टाचा दुसरा भाग εa²/10. सगळं बरोबर. निम्म्याने आकडेमोड कमी होते, इतकंच.

पूर्ण |a| मात्र चालत नाही. |x − a| < |a| वरून |x| > 0 एवढंच हाती लागतं. x शून्य नाही हे कळलं, पण 1/|x| किती मोठं होऊ शकतं यावर काहीच लगाम नाही. "x शून्य नाही" आणि "x शून्यापासून अमुक इतका लांब आहे" या दोन वाक्यांतला फरक कळला, की ही सिद्धता पाठ करावी लागत नाही.

δ ≤ 1 ची सवय

x² ची लिमिट करताना "आधी δ ≤ 1 घेऊ" असं शिकवलेलं असतं, आणि तिथे ते कुठल्याही a ला चालतं. इथे ती सवय अंगाशी येते. a = 3 असेल तर ठीक: x हा 2 च्या वर राहतो आणि काम होतं. a = 1 असेल तर खिडकी (0, 2) होते, कड थेट शून्याला टेकते. a = 0.2 असेल तर खिडकीत शून्य बसलेलंच असतं. गंमत म्हणजे पुस्तकातला पहिला सोडवलेला नमुना बहुतेक a = 2 किंवा 3 चा असतो, तिथे δ ≤ 1 निभावून जातं आणि मुलांना वाटतं हीच रीत. सर्वसाधारण a आला की कोसळतं. 1 हा आकडा a ला ओळखत नाही, |a|/2 ओळखतो.

min विसरला तर

काही जण |a|/2 ची अट वापरून बांध बरोबर काढतात आणि शेवटी नुसतं δ = εa²/2 लिहून मोकळे होतात. परत a = 0.2 घेऊ, पण ε = 10. मग εa²/2 = 0.2, खिडकी (0, 0.4). समोरचा x = 0.01 उचलतो. 1/x = 100, 1/a = 5, अंतर 95. एप्सिलॉन होता 10. बट्ट्याबोळ. min घेतला असता तर डेल्टा 0.1 झाला असता, x हा 0.1 च्या वर राहिला असता आणि 1/x हे 10 च्या खाली.

"एप्सिलॉन इतका मोठा कोण देतं?" हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दोन्ही भागांची तुलना केली तर εa²/2 हा |a|/2 पेक्षा मोठा तेव्हाच होतो, जेव्हा ε > 1/|a|. त्यापेक्षा लहान एप्सिलॉनला min चा पहिला भाग आपोआप पाळला जातो. म्हणून "ε ≤ 1/|a| मानायला हरकत नाही, कारण लहान एप्सिलॉनला चाललेला डेल्टा मोठ्याला चालतोच" असं एक वाक्य आधी लिहिलं तर नुसता δ = εa²/2 सुद्धा बरोबर ठरतो. पण ते वाक्य लिहावं लागतं, मनात ठेवून चालत नाही. मी तरी min लिहायलाच सांगतो.

a ऋण असेल तेव्हा

ही चूक छोटी, गुण मात्र तितकेच जातात. a = −3 असताना केवल मूल्याच्या उभ्या रेघा विसरून a/2 लिहिलं की डेल्टा ऋण होतो आणि पुढचं सगळं निरर्थक. |a|/2 म्हणजे 3/2, खिडकी (−4.5, −1.5), डेल्टा min(3/2, 9ε/2). a² ला रेघांची गरज नाही, तो धनच असतो. पहिल्या भागाला आहे.

आपला डेल्टा कितपत चांगला?

परीक्षेला याची गरज नाही, पण उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायला हे हत्यार जवळ असलेलं बरं. a धन घ्या. शून्याच्या बाजूला 1/x हे 1/a + ε ला कधी पोचतं? x = a/(1 + aε) असताना. तिथून a पर्यंतचं अंतर εa²/(1 + aε). दुसऱ्या बाजूला याहून जास्त मोकळीक असते, म्हणून चालणारा सगळ्यात मोठा डेल्टा हाच. कुणी कुठलाही डेल्टा आणून दाखवला तर तो याहून मोठा नाही ना एवढंच बघायचं. मोठा असेल तर कुठेतरी चूक आहेच. a = 0.2, ε = 0.1 ला ही सीमा 0.00392 येते. म्हणून 0.004 नापास झाला होता. आपला min वाला 0.002 आरामात आत बसतो.

त्या सूत्राचा व्यस्त घेतला तर 1/a + 1/(εa²) मिळतं. समांतर जोडलेल्या दोन रोधांचं सूत्र आठवलं का? समांतर जोडणीत एकूण रोध हा लहान रोधाच्या निम्म्याहून कमी कधीच होत नाही. आपला डेल्टा नेमका हेच आहे: a आणि εa² मधला लहान, त्याचं निम्मं. ε = 1/a ला दोन्ही एकमेकांना टेकतात, बाकी सगळीकडे आपण थोडे जपून असतो.

हाच प्रश्न दुसऱ्या कपड्यांत

पुढे भागाकाराच्या नियमात g(x) ची लिमिट L, L शून्य नाही, तर 1/g(x) ची लिमिट 1/L हे सिद्ध करायचं येतं, आणि तोच x नव्या वेशात डेल्टामध्ये शिरायला बघतो. इथे x च्या जागी g(x) आहे, त्यामुळे δ ≤ |L|/2 लिहून भागत नाही. हे मात्र मी दर वर्षी किमान दहा पेपरांत वाचतो. |L|/2 ही x ची नाही, g च्या किमतीची मोजपट्टी आहे. लिमिटच्या व्याख्येत एप्सिलॉनच्या जागी |L|/2 घालून एक δ₁ मिळवायचा, ज्याच्या आत |g(x)| > |L|/2 राहतो. मग एप्सिलॉनच्या जागी εL²/2 घालून δ₂ मिळवायचा. δ = min(δ₁, δ₂). बाकी ओळी जशाच्या तशा.

आणि 1/x² विचारलं तर? अंश |x − a||x + a|, छेद x²a². तोच |a|/2 चा लगाम घाला. छेदाला खालून: x² > a²/4. अंशाला वरून: |x| < 3|a|/2, म्हणून |x + a| < 5|a|/2. मघाशी ज्याला चुकीची बाजू म्हटलं तो 3/2 इथे अंशात कामाला आला. दोन्ही एकत्र केलं की बांध 10/|a|³, आणि

```
δ = min(|a|/2, ε|a|³/10)
```

a = 0.2, ε = 1 घालून बघा. डेल्टा 0.0008. कडेजवळचा x = 0.1992 घेतला तर 1/x² साधारण 25.20, 1/a² म्हणजे 25. अंतर 0.20, एप्सिलॉनच्या पाचव्या भागाइतकं.